‘तुझ्यासाठीच आणलीय’

सांगलीतलं एक घर. वडील बँकेत, आजी घरातच, मुलगी 11 वर्षांची, सहावीत. तिची आई दोन वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली. गेल्या वैशाखात वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई 34 वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिचं पहिलं लग्न मोडलेलं, मूल नाही. ती माझ्या मावशीच्या दिराची मुलगी, आणि हे स्थळ मावशीनंच जुळवलेलं. त्यामुळे त्या घरातून रडवेला फोन आला की तो कराडला मावशीकडे येतो.

मी पुण्यात शाळेमध्ये मुलांची समुपदेशक म्हणून काम करते. मावशीनं स्वतः दोन सावत्र मुलं वाढवली, 4 वर्षांचा मुलगा आणि 7 वर्षांची मुलगी. दोघंही आज तिला आईच म्हणतात, तिच्या दुखण्याखुपण्याला धावून येतात. तेव्हा या विषयात माझ्याजवळ शिक्षण आहे आणि तिच्याजवळ अख्खं आयुष्य. आमचं एकमत व्हायचं काही कारण नव्हतं, आणि झालंही नाही. पण असाच एक फोन येऊन गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही जे बोललो ते अशाच दुसऱ्या एखाद्या घराच्या कामाला येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

मावशीनं सुरुवातच रागानं केली. “पोर डबा जसाच्या तसा परत आणते. केसांना हात लावू देत नाही. काही विचारलं की भिंतीकडे बघून उत्तर देते. परवा तर तोंडावर म्हणाली, तू माझी आई नाहीस. नऊ महिने झाले गं! ही किती दिवस पड खाणार? मी तिला सांगितलं, आता हक्कानं वाग. आई म्हणून आलीयस ना, मग आईसारखी रागव, जवळ घे, जेवायला बसव. पाहुण्यासारखी कडेकडेनं राहिलीस तर पोर तुला कायम पाहुणीच समजेल.”

“आणि मी तिला नेमकं उलटं सांगितलंय,” मी म्हणाले. “सध्या आई व्हायला जाऊ नकोस म्हणून.”

“मग काय व्हायचं? मोलकरीण?”

“घरातलं एक भरवशाचं मोठं माणूस. मावशी, ती पोर ढकलते कधी, ते तू नीट विचारलंस का? मी विचारलं. स्नेहसंमेलनाच्या वेळी नाचाच्या पोशाखाला टिकल्या लावायच्या होत्या. दोघी रात्री साडेअकरापर्यंत बसल्या. पोर हसली, गाणी म्हणाली, झोपायला जाताना तिच्या खांद्याला टेकली. ही बिचारी आनंदानं झोपली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोरीनं डबा मोरीत उपडा केला. ‘तुझ्या हातचं मला नको’ म्हणाली. तो शब्द हिला इतका लागला की लॅबमध्ये जाऊन रडली.”

“तेच म्हणतेय मी. लाडानं शेफारलीय.”

“शेफारलेलं मूल आवडती गोष्ट मिळाली की आणखी मागतं. हिला मिळाली तेव्हा ती घाबरली. रात्री तिला बरं वाटलं, आणि सकाळी वाटलं की आपण आईला विसरलो. गेलेली आई काही तक्रार करायला येत नाही, म्हणून तिच्या वतीनं भांडायचं काम पोरीनं स्वतःच्या अंगावर घेतलंय. नवीशी गोड वागलं की जुनीशी बेइमानी झाली, असा तिचा हिशेब. अशा घरांमध्ये मी हे पुनःपुन्हा बघते. सगळ्यात जोराचा धक्का बहुतेक वेळा चांगल्या दिवसाच्या मागोमाग येतो. त्यामुळे ढकलते म्हणजे काहीच जमत नाहीये असा अर्थ लावायचा नाही. कधीकधी जमायला लागलंय म्हणूनच ढकलते.”

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण हे तिच्या डोक्यात आलं कुठून? कुणी भरवलं?”

“भरवायला लागत नाही. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन गोष्टी केल्यात, त्यांनी ते घट्ट मात्र झालं. लग्नाच्या आठवड्यात आजीनं हॉलमधला आईचा फोटो काढून माळ्यावर ठेवला.”

“नव्या नवरीला पहिल्या दिवशी सवतीचा फोटो नको, म्हणून. त्यात वाईट काय? मीच सांगितलं होतं.”

“पोरीनं काय पाहिलं ते बघ. सकाळी भिंतीवर आई होती. संध्याकाळी आई नव्हती आणि दुसरी बाई होती. फोटो कुणी काढला हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं धरून चाललं की जी आली तिनंच काढायला लावला. नवीला तर तिथं फोटो होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पोरीला सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं, आजीनं, आत्यानं, तूसुद्धा. ‘बाळा, तुझ्यासाठीच आणलीय गं तिला.’”

“खोटं आहे का ते? तिचे वडील तयारच नव्हते. पोर वयात येईल, घरात बाई माणूस हवं, म्हणून तर मी त्यांच्यामागे लागले.”

“खरं असलं तरी 11 वर्षांच्या मुलीला ते सांगायचं नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं मागितलं नव्हतं. आणि आता हे लग्न तिच्या नावावर. ते फसलं तर दोष तिचा, जमलं तर आईची जागा भरून टाकल्याचा दोषही तिचाच. वडिलांनी सरळ सांगायला हवं होतं, की मला एकटेपणा होता, मला सोबत हवी होती, म्हणून मी लग्न केलं. मोठ्या माणसानं आपल्या निर्णयाची जबाबदारी आपल्याकडे ठेवली की मूल मोकळं होतं. मग त्या बाईला आवडून घ्यायचं की नाही हे तिचं ती ठरवू शकते.”

इथे मावशी चिडली, आणि तिच्या चिडण्यात तथ्य होतं. “तुमचं हे सगळं कागदावर ठीक आहे,” ती म्हणाली. “मी 1981 साली या घरात आले तेव्हा मला कुणी समुपदेशन केलं नव्हतं. चार वर्षांचं पोर तापानं फणफणलेलं, मी त्याच्या उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी ते मला आई म्हणालं. मी कडेला उभी राहून त्याला काय हवंय याचा विचार करत बसले असते तर? पोराला भूक लागते, ताप येतो, नखं वाढतात. ते हातांनी करावं लागतं. मूल शब्दांनी नाही, हातांनी ओळखतं. आणि मागे राहा, मागे राहा म्हणून तू तिला सांगतेस, त्याचा अर्थ पोर काय लावेल? हिला आपलं काही पडलेलं नाही, हाच ना?”

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि मी तिला तसं सांगितलं. मागे राहायचं ते हुकमापासून, काळजीपासून नाही. ही दोन कामं आपल्याकडे आईच्या एकाच पदरात बांधलेली असतात, त्यामुळे एक सोडलं की दुसरंही सुटल्यासारखं वाटतं. डबा करायचा, तो परत आला तरी दुसऱ्या दिवशी करायचा, त्याबद्दल टोमणा मारायचा नाही. ताप आला तर उशाशी बसायचं. शाळेच्या बसची वेळ चुकू द्यायची नाही. हे सगळं पहिल्या दिवसापासून. पण ‘मोबाइल ठेव’, ‘अभ्यासाला बस’, ‘आजीला उलट बोलू नकोस’ हे सध्या वडिलांच्या तोंडून यायला हवं.

“असं का पण? ती काय नुसती जेवायला घालणारी?”

“मेव्हिस हेदरिंग्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी अमेरिकेत, व्हर्जिनियात, घटस्फोट झालेल्या आणि पुन्हा संसार मांडलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. 2002 साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं, की सावत्र वडील घरात आल्या आल्या शिस्त लावायला गेले की मुलं उलटायची, शिस्त प्रेमानं लावली तरीही. आधी मुलांशी ओळख वाढवणारे, आईनं घातलेल्या नियमांना नुसता पाठिंबा देणारे, आणि खूप उशिरा स्वतः काही सांगायला लागणारे, यांचं जमून जायचं. रागावण्याचा हक्क नात्यातून येतो. तुझ्या धाकट्याला तू रागवायचीस तेव्हा तो चिडायचा, पण रात्री तुझ्याच कुशीत यायचा. त्या रागावण्याखाली आधीचं काहीतरी साठलेलं होतं. सांगलीत अजून ते साठलेलं नाही.”

“अमेरिकेतलं सांगू नकोस. तिथं नवरा-बायको वेगळे होतात, पोरं शनिवार-रविवार इकडे, बाकी तिकडे. आपल्याकडे एक आई गेली आणि दुसरी आली. घरात सासू आहे, शेजारी आहेत, मिरजेला आजोळ आहे. सगळ्यांचे डोळे हिच्यावर. पोरीला रागावली तर सावत्र, नाही रागावली तरी सावत्र. ‘स्वतःची असती तर अशी सोडली असती का?’ हे मी स्वतः ऐकलंय.”

हा फरक खरोखरच मोठा आहे. घटस्फोटाच्या घरात मुलाची वेगळी राहणारी आई किंवा वडील जिवंत असतात, चुकतात, कधी रागावतात. गेलेली आई कधीच चुकत नाही. तिच्या हातची आमटी दरवर्षी जास्त चवदार होत जाते. तिच्याशी बरोबरी करायला जाणारी बाई हरणारच. आणि शेजारपाजारचं म्हणशील तर, मी मावशीला म्हटलं, तिथं उत्तर नव्या आईनं द्यायचंच नाही. ‘ही पद्धत मी ठरवली आहे’ असं तिच्या नवऱ्यानं चारचौघांत म्हणायचं.

मग आमची गाडी वडिलांवर आली, आणि खरं तर तिथंच ती आधी यायला हवी होती. या प्रकारच्या प्रत्येक घरात सगळे सावत्र आईकडे बघतात आणि मुलीकडे बघतात. जो माणूस दोघींना बांधून आहे तो पेपर वाचत असतो.

“ध्रुवाची गोष्ट आठव,” मी म्हटलं. “आपण पिढ्यान्‌पिढ्या सुरुचीला नावं ठेवतो. तिनं पोराला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही. पण मांडी कुणाची होती? उत्तानपाद तिथंच बसलेला होता. तो एक शब्द बोलला असता तर पोर रानात गेलं नसतं.”

मावशीला हे आवडलं. “खरंय. हे जावईबापू दोघींच्या भांडणात ‘तुम्ही तुमचं बघा’ म्हणून गॅलरीत जाऊन उभे राहतात. माझे तसे नव्हते. ते पोरांना स्पष्ट सांगायचे, हिला उलट बोललेलं मला चालणार नाही.”

“तेच हवंय. ‘तिच्यावर प्रेम कर’ असं सांगायचं नाही, प्रेम सांगून होत नाही. ‘तुला ती आवडली पाहिजे असं नाही, पण या घरात कुणाचा अपमान करायचा नाही आणि डबा मोरीत ओतायचा नाही’, एवढं वडिलांनी बोलायचं. संध्याकाळी ते घरात नसतील तेव्हा हिनं त्यांच्या नावानं बोलायचं. ‘आठ वाजता अभ्यास असं बाबांनी सांगितलंय, आठ वाजलेत’. बास. शेजारच्या काकू मुलं सांभाळतात तेव्हा त्यांच्या घरचे नियम सांगतात ना, तेवढाच अधिकार. त्यावर मूल फार भांडत नाही.”

आणि वडिलांनी करायचं दुसरं काम त्याहून महत्त्वाचं आहे, पण ते करायला लावणं अवघड जातं. आई गेल्यानंतर लग्न होईपर्यंत ती मुलगी आणि वडील एकत्र जेवत होते, रात्री एकत्र टीव्ही पाहत होते, रविवारी कृष्णेच्या घाटावर जात होते. लग्नानंतर हे सगळं तिघांचं झालं. घरच्यांना वाटलं, छान, कुटुंब झालं. मुलीच्या बाजूनं पाहिलं तर आई आधीच गेली होती, आता वडीलही अर्धे गेले. तेव्हा रोज अर्धा तास आणि रविवारचा घाट हे पुन्हा फक्त दोघांचं व्हायला हवं. नव्या बायकोनं स्वतः ‘तुम्ही दोघं जाऊन या’ असं म्हणावं, आणि वाईट वाटून न घेता घरी राहावं. नवरा-बायकोलाही त्यांचा वेळ वेगळा लागतो, तो पोर झोपल्यावर. सगळी नाती एकदमच, एकाच सोफ्यावर जमवायला गेलं की कुणाचंच जमत नाही. जोडीजोडीनं जमतात.

कागदोपत्रीही वडीलच पुढे असायला हवेत, हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण हे सांगितलं आहे, आणि तिथं स्पष्ट लिहिलं आहे की आई-वडील या शब्दांत सावत्र आई किंवा सावत्र वडील येत नाहीत. म्हणजे रोजचं सगळं करणारी बाई कायद्यानं आपोआप पालक होत नाही. शाळेतून आणायला कोण येईल, तातडीच्या वेळी फोन कुणाला करायचा, हे वडिलांनी शाळेला लेखी देऊन ठेवावं. नाहीतर एखाद्या दिवशी फाटकाशी ‘तुम्ही कोण?’ असं मुलीदेखत विचारलं जातं आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

“बरं, बापाचं झालं,” मावशी म्हणाली. “पण हिनं स्वतः काय करायचं? नुसती वाट बघायची?”

“नाही. आडवाटेनं जायचं. आत्ता ती दोन गोष्टी करायला जाते, केस विंचरायला आणि जेवायला वाढायला. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी आईच्या होत्या. आई रोज सकाळी दोन वेण्या घालायची. त्या केसांत दुसरे हात गेले की पोरीच्या अंगावर काटा येतो. तिथून हात काढून घ्यायचा. वेण्या आजीला घालू देत, नाहीतर तिची तिला शिकू दे. जिथं आईची आठवण नाही अशी जागा शोधायची.”

अशी जागा त्या घरात आपोआप सापडली होती, कुणाच्या लक्षात आली नव्हती. शाळेला सुट्टी होती, आजी मिरजेला गेली होती, म्हणून नाइलाजानं नव्या आईनं मुलीला लॅबमध्ये नेलं. तिथं रिकाम्या वेळात कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा एक थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. मुलगी तासभर तिथून हलली नाही. मग तिनं स्वतःहून विचारलं, मिठाचं पाणी टाकलं तर काय होईल? आयोडीन न लावलेल्या नव्या पापुद्र्यावर टाकून पाहिलं, पेशींतलं जीवद्रव्य आकसत गेलं. त्या दिवशी दोघी एकमेकींकडे फारशा बघतही नव्हत्या. दोघी एका तिसऱ्या गोष्टीकडे बघत होत्या, आणि ओळख व्हायला हे फार सोयीचं असतं. समोरासमोर बसून ‘आपण मैत्री करूया’ असं म्हटलं की मुलाला उत्तर द्यावं लागतं. शेजारी बसून काहीतरी करताना उत्तर द्यावं लागत नाही.

लॉरेन्स गॅनाँग आणि मॅरिलिन कोलमन या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 1999 च्या सुमारास नेमकं हेच तपासलं होतं, की सावत्र पालक मुलाची मर्जी मिळवायला काय करतात आणि त्यातलं काय टिकतं. काहीजण लग्नाआधी खूप करायचे, खाऊ, सहली, भेटी, आणि एकदा घरात आले की थांबायचे, आता आपण पालक झालो म्हणून. काही तर मुळीच करायचे नाहीत. ज्यांचं नातं जमलं ते घरात आल्यानंतरही करत राहिले, आणि मुख्य म्हणजे मुलाला जे आवडतं ते, मुलाबरोबर एकट्यानं, करत राहिले. तेव्हा सांगलीतल्या बाईंनी आठवड्यातून एकदा तासभर सूक्ष्मदर्शक, एवढंच ठरवावं. मुलगी ‘नको’ म्हणाली तर ‘बरं, पुढच्या वेळी’ म्हणावं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावं. न येणाऱ्या मुलीला ‘मी तुझ्यासाठी एवढं करते’ असं म्हटलं की तो तास कायमचा बंद पडतो.

“आणि ‘तू माझी आई नाहीस’ म्हणाली तर?”

“‘हो, नाहीये. तुझी आई तीच, आणि तीच राहणार. मी या घरात तुझी काळजी घ्यायला आहे.’ आवाज न चढवता, एकदाच, आणि मग कामाला लागायचं. ती पोर एक दार ढकलत असते. पलीकडून कुणी ढकललंच नाही तर तिला ताकद लावायचं कारण राहत नाही. तो फोटोही खाली आणायचा. पण आणायचा नव्या आईनं, पोरीला बरोबर घेऊन. कुठं लावायचा ते पोरीनं सांगायचं.”

मावशीनं इथे जे सांगितलं ते माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. “अविधवा नवमी,” ती म्हणाली. पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमीला, नवरा हयात असताना गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं. मावशी या घरात आल्यापासून दरवर्षी तिच्या आधीच्या बाईचं अविधवा नवमीचं पान स्वतः करते. “पहिल्या वर्षी मी मोठीला विचारलं, तुझ्या आईला काय आवडायचं? म्हणाली, घोसाळ्याची भजी. मग मी घोसाळी आणवली. दोघांना घेऊन पान वाढलं. मोठी तोवर माझ्याशी बोलत नव्हती गं. मला दुसरी आई म्हणायलाही तयार नव्हती. त्या दिवशी भजी तळताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि आई कशी तळायची ते सांगायला लागली. मी तसं तळलं.”

सांगलीत यंदा काय झालं होतं ते मला माहीत होतं. आजीनं सगळं गुपचूप केलं, नव्या सुनेला ‘तुला कशाला त्यात’ म्हणून लॅबला पाठवलं. मुलगी शाळेतून आली तर गच्चीवर पान ठेवलेलं. ती तिथं एकटीच बसली. नवी बाई घरी आल्यावरही संकोचानं लांब राहिली, आणि मुलीनं अर्थ लावला की हिला माझ्या आईचं काहीच नाही. एका घरातल्या तिघीजणी त्याच बाईला आठवत होत्या, तीन वेगळ्या ठिकाणी. येत्या भाद्रपदात हे पान नव्या आईनं आणि मुलीनं मिळून करायचं, यावर मावशीचं आणि माझं एका क्षणात एकमत झालं. मुलीला जे कळायला हवं आहे ते असं, की या बाईशी बोललं म्हणून आई पुसली जात नाही. हे तिला सांगून पटणार नाही. त्या बाईच्या हातून आईचं पान वाढलेलं दिसलं तर पटेल. अर्थात दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा डबा परत आणील, हेही तिनं धरून चालावं.

“किती दिवस पण?” मावशीनं विचारलं. सगळ्यांचा हाच प्रश्न असतो.

पॅट्रिशिया पेपरनाऊ यांनी अशा कुटुंबांवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांच्या अनुभवात भराभर जमणाऱ्या घरांनाही चारेक वर्षं लागतात, इतरांना सात किंवा त्याहून जास्त. त्यातून ही मुलगी 11 वर्षांची. या वयात मुलं एरवीही घरातल्या मोठ्यांपासून दूर जायला लागतात, मग नव्या माणसाजवळ कशी येणार? मावशीचा धाकटा चार वर्षांचा होता, त्याला कुशी हवी होती. या मुलीला कुशीची आठवण आहे, आणि ती आठवण तिला कुणाला द्यायची नाही. तिच्या बाबतीत वर्षभरानं एकत्र जेवण, दोन वर्षांनी कधीतरी स्वतःहून शाळेतलं काही सांगणं, एवढं झालं तरी ती वाट बरोबर आहे.

पण वाट बघणं आणि दुर्लक्ष करणं यातला फरक घरच्यांना कळला पाहिजे. राग फक्त नव्या आईवर असेल आणि मैत्रिणी, शाळा, झोप, भूक ठीक असेल, तर तो दुःखाचा आणि निष्ठेचा राग आहे, त्याला वेळ द्यावा. पण मुलगी सगळ्यांपासूनच तुटायला लागली, आवडीच्या गोष्टी सोडल्या, आठवडेच्या आठवडे झोप किंवा जेवण बिघडलं, स्वतःला इजा केली, ‘मला आईकडे जायचंय’ असं म्हणाली, तर थांबायचं नाही. बालमनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं. सरकारची 14416 ही टेलि-मानस हेल्पलाइन आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते. मूल घरातल्या एखाद्या माणसाबरोबर एकटं थांबायला घाबरत असेल, तो माणूस सावत्र असो की सख्खा, तर तिथं नातं जुळवायचे उपाय सांगत बसायचं नाही. आधी मुलाचं ऐकायचं.

नव्या आईची स्वतःची सोयही बघायला हवी. नऊ महिने रोज नाकारलं जाणं ही लहान गोष्ट नाही. ती सध्या रात्री नवऱ्याला दिवसभराची यादी ऐकवते, आणि नवरा मुलगी आणि बायको यांच्यात कुणाची बाजू घ्यायची या कात्रीत सापडतो. ते दुःख तिनं बोलावं, पण मावशीजवळ, मैत्रिणीजवळ, माझ्याजवळ. नवऱ्याजवळ तिनं फक्त मागणी करावी. उद्या तुम्ही हे बोला, रविवारी तुम्ही तिला घेऊन जा. तक्रारीनं तो पेपरात तोंड घालतो, कामानं तो उठतो.

एका बाबतीत आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मावशीचा आग्रह की मुलीनं तिला आईच म्हणायला हवं, निदान ‘नवी आई’. “हाक मारता मारता माया लागते,” ती म्हणाली. माझं म्हणणं, हाक मुलीला निवडू द्यावी. ताई म्हणो, नावानं हाक मारो, सध्या काहीच न म्हणो. सक्तीनं म्हटलेला तो शब्द तिला प्रत्येक वेळी खोटी साक्ष दिल्यासारखा वाटेल. मावशी म्हणाली, “लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांना वडील उत्तर देतील. ती काही मान्य करेना, आणि मीही माझं सोडलं नाही.

पण उठता उठता तिनं फोन हातात घेतला आणि सांगलीला लावला. मला वाटलं पुतणीला. लावला होता जावईबापूंना. “हे बघा,” ती म्हणाली, “माळ्यावरचा फोटो आजच खाली काढून ठेवा. लावायचा कुठं ते त्या दोघी ठरवतील. रविवारी तुम्ही आणि पोरगी घाटावर जा, हिला नेऊ नका, मी सांगितलंय म्हणून सांगा. आणि डब्याचं तुम्ही बोलायचं, तिनं नाही. हो, आजच. आणि काय हो, लग्न तुम्हाला हवं होतं म्हणून केलं, हेही तिला एकदा तुमच्या तोंडानं सांगून टाका.”